पाल कीटक नव्हे

ऑक्टोबर हीटच्या ऐन भरात आमच्या फ्रिजने मान टाकली. आतला दिवा लागायचा, पण कंप्रेसरचा आवाज बंद. टेक्निशियनने मागचं खालचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, पीसीबी गेला. आधी बिल आणि वॉरंटी कार्ड दाखवा."

मूळ कागद नवऱ्याने 'नीट' ठेवलेत, म्हणजे आता ते मिळणार नाहीत. फोटो मात्र होते. बिलाच्या फोटोत कागदाच्या मधोमध फ्लॅशचा सूर्य उगवलेला आणि वॉरंटी कार्डाच्या कोपऱ्यात नवऱ्याचा अंगठा.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे आपटेकाका आले. मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीत कोणाकडे टेक्निशियन आला, की काकांना वास लागतो. विमा कंपनीच्या दावे विभागात त्यांची हयात गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझा मोबाइल नाकाजवळ धरला.

"पूर्ण फ्रिजला एक वर्ष. पुढची नऊ वर्षं फक्त कंप्रेसरला. वा!"

"पण काका, दारावर दहा वर्षांचा एवढा मोठा स्टिकर आहे."

"एक अधिक नऊ. कोण खोटं बोललंय? आणि त्या नऊ वर्षांत कंप्रेसर बदलला, तर गॅस, मजुरी आणि व्हिजिट चार्ज तुझा. कसं बेमालूम लिहिलंय बघ!" गवयाने अवघड जागा लीलया घ्यावी तशी त्यांनी मान डोलावली.

म्हणजे कंप्रेसर धडधाकट आहे, हीच वाईट बातमी. त्याला चालवणारा पीसीबी एक वर्षाच्या यादीत येतो, आणि वर्ष मोजायचं बिलाच्या तारखेपासून. फ्रिज घरी 31 ऑक्टोबरला आला, पण त्याला किंमत नाही. बिलावर तारीख ऑक्टोबरची 23 की 28, ते फ्लॅशने गिळलेलं. आज 25. आकडा 3 असेल तर वॉरंटी संपली, 8 असेल तर अजून जिवंत.

"तीन," काका म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

मी बँकेचे जुने मेसेज उपसले. पैसे 28 तारखेला कापले होते, दुकानाचं नाव तेच, रक्कमही बिलाएवढीच. टेक्निशियनने फ्रिजच्या आतल्या लेबलावरचा सीरियल नंबर बिलाशी ताडला. फोटोत मधेच एक अक्षर 8 होतं की B हे कळेना, पण लेबलावर B निघालं आणि तो समाधानी झाला. मी जिंकले, असं साधारण चार मिनिटं वाटलं.

मग त्याने चिमट्याने पीसीबीवरून काहीतरी उचललं. पाल. वाळलेली, दोन टोकांना चिकटलेली, खाली बोर्ड काळा.

"शॉर्ट झाला, मॅडम. हे वॉरंटीत येत नाही."

काकांचे डोळे चमकले. त्यांनी बोटांनी फोटो ताणला. अपवादांची यादी नेमकी फिक्या करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. ताणली की तिचे चौकोनी ठिपके होतात. कंपनीला जे आपण वाचावं असं वाटतं, ते मात्र दारावर पाच फुटांवरून दिसतं.

"'उंदीर अथवा कीटकांमुळे झालेले नुकसान,'" काकांनी ठिपक्यांतून अर्थ लावला.

"पाल कीटक नाही," मी म्हटलं. "सरपटणारा प्राणी आहे. शाळेत शिकवतात."

काका गप्प. आयुष्यभर ज्यांनी लोकांचे दावे नाकारले, त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दुःख दिसलं. "खरंच की गं. मसुद्यात भोक आहे." मग त्यांनी अंगठ्याकडे बोट दाखवलं. "पण याच्याखाली काय आहे? 'इत्यादी' असणार. मी असतो तर 'इत्यादी' घातलंच असतं."

टेक्निशियनने तेवढ्यात जॉबशीटवर 'बाह्य कारण' लिहून टाकलं. त्यात पाल बसते, पूर बसतो, आपटेकाकाही बसतात. ते लिहिताच, वॉरंटीत माफ असणारा व्हिजिट चार्जही लागू झाला. शिवाय त्या झाकणाला मागून हवा यावी म्हणून कंपनीनेच ठेवलेल्या फटी, आत पाल सहज शिरेल एवढ्या. मुंबईत विकायच्या फ्रिजला पालीपासून वाचवणारी जाळी लावायला किती खर्च येतो हो? पण जाळीपेक्षा कलम स्वस्त.

"सही करा," तो म्हणाला. मी सहीच्या वर 'पाल हा कीटक नाही, कारण मान्य नाही' असं लिहिलं, त्या जॉबशीटचा फोटो काढला (उजेडात, फ्लॅश बंद, चारही कोपरे दिसतील असा) आणि ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन लावला. लाइन लागेपर्यंत काका सोफ्यावर बसून होते. त्यांनी माझ्याच कागदावर माझी तक्रार लिहायला घेतली, आणि दुसऱ्या बाजूला, सवयीने, ती कशी फेटाळायची तेही.