एफएसएच ‘नॉर्मल’ आला, मग पाळी अशी का वागतेय?

मी सांगलीत एका लॅबमध्ये काम करते. रक्त घ्यायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट काढून द्यायचा, हे माझं रोजचं. त्यामुळे पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही बाई स्वतःच्याच पोटावर पाय आणतेय. वाटू दे.

हल्ली चाळिशी-पंचेचाळिशीतल्या बायका काउंटरवर येऊन म्हणतात, “हार्मोनची टेस्ट करायचीय, पाळी जायला लागलीय का ते बघायचंय.” हातात डॉक्टरांची चिठ्ठी नसते, मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली पॅकेजची जाहिरात असते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, एरवी धडधाकट असलेल्या बाईने एवढ्या एका प्रश्नासाठी ही एफएसएच नावाच्या हार्मोनची टेस्ट करू नये, असं माझं मत आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही २०१५ पासून हेच सांगतात.

पाळी कायमची थांबण्याआधी काही वर्षं ती बिघडत जाते. या काळाला डॉक्टर पेरिमेनोपॉज म्हणतात. यात होतं काय? मेंदूच्या तळाशी पिच्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते, ती एफएसएच सोडते. बीज वाढवायला लाग, असा तो अंडाशयाला निरोप असतो. अंडाशयाने दाद दिली की इस्ट्रोजेन वाढतं आणि पिच्युटरी आपला आवाज कमी करते. वयानुसार बीजं कमी उरली की दाद मिळत नाही, मग एफएसएच चढतो.

हे एकाच दिशेने होत गेलं असतं तर टेस्ट सोपी होती. पण उरलेली बीजं लहरी असतात. एखाद्या महिन्यात ती इतकी जोरात दाद देतात की इस्ट्रोजेन तरुणपणीपेक्षाही वर जातं आणि एफएसएच गपकन खाली येतो. पुढच्या महिन्यात काहीच हालचाल नसते, तेव्हा तो पुन्हा चढतो. शिवाय नेहमीच्या पाळीतही बीज सुटायच्या सुमाराला एफएसएच थोडा उसळतोच. आयर्विन पुलाजवळ पाणी ३० फूट आहे एवढंच कुणी सांगितलं, तर आपण सांगलीकर लगेच विचारतो, चढतंय का उतरतंय? कोयनेतून किती सोडलंय? रिपोर्टवरच्या आकड्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

एका बाईंचं सांगते, नाव-गाव सोडून, त्यांना विचारूनच. वय ४६, शाळेत शिक्षिका. रात्री दोन वाजता घामाने गाऊन भिजायचा, वर्गात उभ्याउभ्या मानेपासून वर वाफा यायच्या, चिडचिड, छातीत धडधड. त्यांनी स्वतःच्या मनाने टेस्ट केली. एफएसएच आला ७.८. घरच्यांनी रिपोर्ट वाचून निकाल दिला: सगळं नॉर्मल आहे, तू उगाच मनावर घेतेस. पुढे दोन महिने त्या गप्प बसल्या. मला या टेस्टचा सगळ्यात मोठा तोटा हाच वाटतो. चुकीचं औषध नाही मिळत, पण त्रास होतोय हे सांगायचा हक्क जातो.

मग पाळी ५० दिवस आली नाही. पुन्हा टेस्ट केली, आकडा ३४. आता घरात ठरलं की पाळी गेली. आणि पुढच्याच पंधरवड्यात ती आली, तीही अशी की आठ दिवस अंगावर जात राहिलं.

यातला एकही रिपोर्ट चुकलेला नव्हता. पहिल्या दिवशी अंडाशयाने दाद दिलेली होती, दुसऱ्या दिवशी नव्हती, आणि त्यानंतर पुन्हा दिली.

शेवटी त्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद बघून बाजूला ठेवले आणि पाळीच्या तारखा विचारल्या. नशिबाने घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायची सवय होती. आधी २८-२९ दिवसांचं चक्र, आणि गेल्या वर्षात २३, ३४, २६, ४१, मग ते ५० च्या पुढचं. लागोपाठच्या चक्रांत सात किंवा जास्त दिवसांचा फरक पडायला लागला आणि तो पुन्हा पुन्हा दिसला, तर ही या काळाची सुरुवात; साठ दिवस किंवा जास्त खंड पडायला लागला की पुढचा टप्पा. तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायऱ्यांमध्ये मुख्य निकष पाळीच्या तारखांचाच आहे. वय ४६, तारखा अशा, वर वाफा आणि रात्रीचा घाम. निदान झालं, सुईशिवाय.

रक्त मात्र तपासलं, वेगळ्या कारणासाठी. गरोदरपण नाही ना, थायरॉइड कसा आहे, हिमोग्लोबिन किती. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी घाम, धडधड, झोपमोड होते आणि पाळीही बिघडते. तो ओळखला नाही तर सगळं वयावर ढकललं जातं. त्यांचा थायरॉइड ठीक होता, हिमोग्लोबिन ९.४ निघालं. म्हणजे धडधड आणि थकव्यातला काही वाटा रक्त कमी असण्याचा. आणि जास्त अंगावर जात होतं म्हणून सोनोग्राफी, गरज पडली तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायचा, असं ठरलं. पंचेचाळिशीनंतरचं असं जाणं ‘वयाचंच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. पैसे खर्चायचेच तर इथे खर्चावेत.

एफएसएच अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. चाळिशीच्या आत महिनोन्‌महिने पाळी बंद असेल तर तो तपासावाच लागतो, आणि बहुतेकदा चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. ४० ते ४५ मध्ये डॉक्टरांना गरज वाटली तर ते सांगतात. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ५१, त्यामुळे आपल्या बायकांची कुरबुर त्या मधल्या गटातच सुरू झालेली असते, हेही खरं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एफएसएच दबलेलाच दिसणार, तेव्हा त्या काळात केलेल्या टेस्टवरून काही ठरवता येत नाही. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी लॅबमध्ये ते आधी सांगावं, काही मशीनवर त्याने थायरॉइड आणि एफएसएच दोन्हींचे आकडे बिघडतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

अडचण खरी कुणाची, तर ज्यांची पिशवी काढलीय पण अंडाशय ठेवलेत त्यांची. त्यांना तारखाच नाहीत. तिथे डॉक्टरांना वय आणि लक्षणं यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागते, आणि म्हणून वाफा किती वेळा येतात, झोप कितीदा मोडते, हे महिनाभर लिहून नेलेलं बरं.

आणि त्या ३४ आकड्याबद्दल अजून एक. ज्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं नाही, त्यांनी एवढ्यावर विसंबून सावधगिरी सोडू नये. या काळात एखाद्या महिन्यात बीज सुटतंच. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष, अशी मुदत डॉक्टर सांगतात, आणि तीही मोजायची असते कॅलेंडरवरच.