पाचपट, पण कशाच्या?

एक मेसेज फॉरवर्ड होत फिरतोय: "सरकार बाजारभावाच्या पाचपट पैसे देतंय तरी शेतकरी रस्ता अडवून बसतात. पैसे घ्यायचे, शेजारच्या गावात डबल जमीन घ्यायची, विषय संपला. कलेक्टरने मनावर घेतलं तर आठवड्यात ताबा मिळेल."

आधी पाचपटीचं बघू, कारण सगळी गडबड तिथेच आहे. समृद्धी महामार्गाच्या वेळी हा आकडा घरोघरी पोचला आणि तो हवेतून आलेला नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा भाव काढतात, ग्रामीण भागात त्याला १ ते २ मधल्या गुणकाने गुणतात, आणि जी रक्कम येते तेवढीच वर दिलासा रक्कम. गुणक २ असेल तर झाले चारपट. संपादनाच्या भानगडीत न पडता संमतीने थेट खरेदीखत करून दिलं की राज्य सरकार वर २५ टक्के देतं, म्हणून पाच. शहरात गुणक १, म्हणजे तिथे दुपटीवर, थेट खरेदीत फार तर अडीचपटीवर गाडी थांबते. हे फॉरवर्ड करणारा कधी सांगत नाही.

आणि पट मोजायचे कशाचे? रेडी रेकनरचा दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या ३ वर्षांतल्या खरेदीखतांचा भाव, दोन्हीत जास्त असेल तो. खरेदीखतांतली वरच्या किमतीची निम्मी घेऊन त्यांची सरासरी काढतात. समजा रेडी रेकनर एकरी ८ लाख आणि सहा खरेदीखतं आहेत ६, ६, ८, ९, १०, ११ लाखांची. वरची तीन घेतली, सरासरी १० लाख. गुणक २ लावला, २० लाख, दिलासा धरून ४० लाख. पण कागदावर १० लाखाला गेलेली जमीन प्रत्यक्षात २५ लाखाला गेलेली असू शकते, स्टँप ड्युटी वाचवायला वरचे पैसे रोख दिलेले असतात. मग ४० भागिले २५, म्हणजे दीडपटीच्या थोडं वर. (आता यात गावकऱ्यांचाही हात आहेच, वर्षानुवर्षं कमी रक्कम आपणच नोंदवायची आणि संपादन आलं की भाव कमी म्हणून ओरडायचं.) आणि सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर ते ४० लाख एकाच्या हातात येत नाहीत, वाटणीचा वाद असला तर पैसे अडकून पडतात.

शेजारच्या गावात डबल जमीन? पाचशे जणांना एकाच महिन्यात पैसे मिळाले आणि सगळेच जमीन शोधायला निघाले की विकणारा काय जुन्या भावाने देणार आहे का. त्यात बागायती गेली तर बागायतीच मिळायला हवी, विहिरीचे पैसे मिळतात हो, पण नव्या जमिनीत पाणी लागेलच याची खात्री कोण देणार.

आता कलेक्टर. प्रारंभिक अधिसूचना, हरकतींना ६० दिवस, संयुक्त मोजणी, मग मोबदला ठरवणारा निवाडा, आणि मोबदला दिल्याशिवाय ताबा नाही. तातडीचं कलम आहे पण ते संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती अशा गोष्टींपुरतं, रस्त्याला सहसा लागत नाही. आणि खरी कसरत भावात आहे. प्रकल्पाची बातमी आधी कळलेले लोक फुगवलेल्या किमतीची दोन-चार खरेदीखतं करून ठेवतात, रातोरात फळझाडं लावतात, शेड उभं करतात. भाव खरा वाटत नसेल तर ते खरेदीखत हिशोबात न धरायचा अधिकार कलेक्टरला आहे. तो वापरला नाही तर ऑडिटमध्ये उत्तर द्या, सरसकट वापरला तर खरा शेतकरी मारला जातो आणि वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ खाली प्राधिकरणाकडे जातो, मग त्याचा निकाल कधी लागेल ते लागेल. थेट खरेदीत ही कटकट नाही, कारण एकदा स्वतः खरेदीखत करून दिलं की वाढीव मोबदल्याचा तो रस्ता राहत नाही. जास्तीचे २५ टक्के बरेचसे या शांततेचे असतात असं माझं मत. वाईट सौदा आहे असं नाही म्हणत, पण सही करणाऱ्याला हे आधी सांगितलं पाहिजे.

"विषय संपला" म्हणताना ज्याच्या नावावर जमीनच नाही तो सोयीस्करपणे विसरला जातो. त्याच शेतावर राबणारा मजूर, बटईदार, कूळ, ३ वर्षं तिथे राबून पोट भरत असेल तर कायद्याच्या नजरेत त्याचंही कुटुंब बाधित आहे. संपादनात अशा कुटुंबाला नोकरी, एकरकमी ५ लाख किंवा २० वर्षं दरमहा किमान २ हजार यातलं एक मिळायला हवं. पण यादी करायला आलेला माणूस सातबारा हातात धरून फिरतो, आणि मजुराचं नाव सातबाऱ्यावर कधीच नसतं. म्हणून ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा तिथे हजर राहून नाव आहे का बघायचं, नसेल तर लेखी हरकत देऊन पोच घ्यायची.