रजेच्या अर्जाचा मसुदा पाठव ना, अर्जंट

आज सकाळी चहा ओतत होते तेवढ्यात फोन वाजला. मेसेज होता, "मावशी, रजेच्या अर्जाचा मसुदा पाठव ना. अर्जंट." बस, एवढंच. रजा कधीपासून कधीपर्यंत, कशासाठी, अर्ज कुणाच्या नावे, काहीही नाही. मी विचारलं, "तारखा?" उत्तर आलं, "तू टाक कशाही, मी बदलेन." "कारण?" "काहीतरी जनरल लिही." "कोणाला द्यायचाय?" "ऑफिसला गं."

चहा उतू गेला तो वेगळाच.

आस्थापना शाखेत एकतीस वर्षं काढली मी. रजेचे अर्ज आले, गेले, फाइलला लागले, सेवापुस्तकात नोंदले गेले. निवृत्त झाले तरी नातेवाइकांच्या लेखी मी अजून टेबलावरच बसलेय आणि खणात तयार मसुद्यांची चळत आहे. शेजारच्या मुलाने परवा कुठूनसा उतरवलेला अर्ज दाखवला. पोरगा बँकेत कामाला, आणि अर्जात शेवटी "आपला आज्ञाधारक विद्यार्थी". त्याला म्हटलं, इयत्ता आणि तुकडी पण लिही, राहायला नको.

हसू येतं, पण खरं सांगू का, मला राग येतो. तो कशाचा येतो हे सांगायला आप्पांची गोष्ट सांगावी लागेल.

1998 साल. तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक होते. आप्पा आमचे शिपाई. एका शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या घाईत, टेबलाशी आले. "बाई, रजेचा अर्ज लिहून द्या, मी सही करतो." माझ्याकडे सायक्लोस्टाइल केलेले कागद असायचे: 'घरगुती कामानिमित्त दि. ____ ते दि. ____ रजा मंजूर व्हावी.' एक काढला, वर 'मा. साहेब' लिहिलं, नाव घातलं, सही घेतली. तारखा आप्पा भरतील असं मी धरून चालले, आणि आप्पांनी धरलं की बाई भरतील. एस.टी.ची वेळ झाली होती. माझीही, त्यांचीही.

आप्पा आले ते सव्वीस दिवसांनी. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं.

आता एकेक रिकामी जागा काय करते बघा. तारखाच नाहीत म्हणजे मंजूर काय करायचं? आवक टेबलाने कागदावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, आणि कार्यालयात साहेब दोन, त्यातल्या ज्यांचा संबंध नव्हता त्यांच्या टेबलावर अर्ज गेला. 'मा. साहेब' म्हणजे कोण हे कागद कसा सांगणार? तो तिथे पेपरवेटखाली पडून राहिला. पगारपत्रक करायची वेळ आली तेव्हा आप्पांच्या नावावर मंजूर रजा नव्हती, म्हणून हजेरीत 'विनापरवानगी गैरहजर', आणि त्या महिन्याचा पगार रोखला.

मेसेजला उत्तर न देता मी भांडी घासायला घेतली. रागात मी भांडी घासते.

हं, एक कबूल करते. खासगी कंपन्यांत आता ॲपवर रजा टाकतात, कॅलेंडरवर दोन दिवस दाबले की झालं. आणि दोन दिवसांच्या रजेचं कारण साहेबाला कशाला हवं, हेही मला पटतं. आमच्याकडेसुद्धा नैमित्तिक रजा, म्हणजे वर्षाला मिळणाऱ्या त्या आठ सी.एल., 'खासगी काम' एवढ्यावर मिळतात आणि मिळाव्यात. पण ॲपसुद्धा तारखा विचारतंच ना? आणि रजेचा प्रकार? तोही निवडावाच लागतो.

लोकांना वाटतं अर्ज म्हणजे भाषा. 'महोदय', 'विनंतीस मान देऊन', 'कृपावंत व्हावे', हे जमलं की अर्ज झाला. अहो, ती झालर आहे. अर्जावरून पुढे हिशेब होतो, आणि तो हिशेब करायला तीनच गोष्टी लागतात, ज्या तुम्ही मला सांगत नाही.

तारखांचंच घ्या. 'पाच दिवस रजा' यातून काहीच कळत नाही. गुरुवार ते बुधवार म्हटलं तर मध्ये शनिवार-रविवार येतात. नैमित्तिक रजेत मधली सुट्टी मोजत नाहीत, म्हणून ते पाच दिवस. तेच अर्जित रजेवर टाकलं तर मधली सुट्टीही रजेतच जाते, म्हणजे सात दिवस कापले जातात. माणूस तोच, गैरहजेरी तीच, आणि दोन दिवसांचा फरक.

कारणाचंही तसंच. सरकारी नोकरीत अर्धवेतनी रजा वर्षाला वीस दिवस साठते. घरगुती कामासाठी ती घेतली तर नावाप्रमाणे पगार अर्धा. पण स्वतः आजारी असाल आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलंत, तर तीच रजा परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते. फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे पगार अर्धा की पूर्ण, हे त्या 'काहीतरी जनरल'वर ठरतं.

आप्पांना हे कुणी सांगायचं होतं? मी. आस्थापनेच्या टेबलावर मी बसले होते. "आप्पा, कशासाठी जाताय?" इतकं विचारलं असतं तर ते बोलले असते. वर्षभर ते पोटाला पट्टा बांधून पाण्याचे हंडे उचलत होते, मी रोज बघत होते.

परत आल्यावर दवाखान्याचे कागद घेऊन आले. रुजू होण्यास योग्य असल्याचं प्रमाणपत्रही आणलं होतं, शहाणा माणूस. पण वरून शेरा आला: अर्जात कारण घरगुती, प्रमाणपत्र वैद्यकीय, खुलासा व्हावा. तो शेरा माझ्या एका शब्दामुळे होता. शिवाय मागितलेल्या रजेचा प्रकार मंजूर करणारे साहेब आपल्या मनाने बदलू शकत नाहीत, कर्मचाऱ्याने लेखी मागावं लागतं. मग मी नवा अर्ज लिहिला. या वेळी पदनामासह कार्यालयप्रमुखांना, आमच्या शाखेच्या साहेबांमार्फत. 'सव्वीस दिवसांची परिवर्तित रजा, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र.' आप्पांच्या खात्यात अर्धवेतनी रजा भरपूर होती, तिच्यातले बावन्न दिवस वजा झाले आणि पूर्ण पगार निघाला. निघाला तो तीन महिन्यांनी. तोवर आप्पांचं घर किराणा दुकानाच्या उधारीवर चाललं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. पगार झाल्यावर टेबलावर पेढा ठेवून गेले. तो पेढा माझ्या घशाखाली उतरेना.

तर हा राग आहे. त्यातला निम्माअधिक स्वतःवरचा आहे, हे लिहिता लिहिता कळतंय.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि पोस्ट करणार होते. दुपारी त्या मुलीला फोन लावला, झापायलाच. (नातं सांगत नाही. गावही नाही. तिला विचारूनच पुढचं लिहितेय.)

पहिले काही क्षण ती बोललीच नाही. मग म्हणाली, "मावशी, बुधवारी गेलं गं. तिसरा महिना होता."

मी खाली बसले.

कारण का लिहीत नव्हती ते कळलं. तारखा का नव्हत्या तेही. कधी उठून कामाला जाता येईल हे तिलाच माहीत नव्हतं. अर्ज कोणाला हे सांगत नव्हती कारण तिचा मॅनेजर तिच्यासमोरच्या टेबलावर बसतो, आणि त्याने हे वाचावं असं तिला वाटत नव्हतं. सकाळी मी ज्याला आळस म्हणत होते तो आळस नव्हता. माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच, नशीब मेसेजवर काही जास्त बोलले नाही.

पण तिचा विचार काय होता, ऐका. आठ दिवस बिनपगारी रजा टाकायची, कारण 'घरगुती', आणि पुढच्या आठवड्यात कामावर. माझ्या डोळ्यांसमोर तो सायक्लोस्टाइलचा कागदच आला. पुन्हा तोच शब्द!

गर्भपात झाला तर बाईला त्या दिवसाच्या लगेच पुढचे सहा आठवडे पगारी रजा मिळते. ही तरतूद 1961च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, आणि ती फक्त सरकारी बायकांसाठी नाही, तिच्यासारख्या खासगी कंपनीतल्या मुलींनाही लागू आहे. (ईएसआयसीत असाल तर पैसे कंपनीऐवजी तिथून येतात, तिचं तसं नाही.) त्यासाठी पुरावा जोडावा लागतो, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. बुधवारी घडलं, म्हणून गुरुवारपासून मोजायचं आणि सहाव्या आठवड्यातल्या बुधवारी संपवायचं. बेचाळीस दिवस. म्हणून तारीख लागते गं बाई, मला चौकशा करायची हौस नाही.

"पण मग सगळ्यांना कळेल," ती म्हणाली. खरं आहे. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कारण सांगितलं नाही तर हक्काची रजा मिळत नाही, सांगितलं तर कुणीतरी वाचणारच. कायदा करणाऱ्यांनी रजा दिली, आडोसा काही दिला नाही. पण कोण वाचणार हे थोडंफार आपल्या हातात असतं, आणि ते 'प्रति'च्या ओळीत ठरतं. म्हणून अर्ज मॅनेजरच्या नावे काढलाच नाही. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांच्या नावे काढला, त्या बाई आहेत असं ती म्हणाली. मॅनेजरला वेगळी दोन ओळींची मेल: वैद्यकीय कारणास्तव अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजेवर आहे, कागदपत्रे मनुष्यबळ विभागाकडे दिली आहेत. त्याला पुढचं काम लावायला तेवढं पुरतं.

मुख्य अर्ज फोनवर बोलत बोलतच लिहिला. 'महोदया' नंतर सरळ मुद्दा: गर्भपात झाल्याचा दिवस, मातृत्व लाभाच्या तरतुदीनुसार सहा आठवड्यांची पगारी रजा, पासून-पर्यंत तारखा, रुजू होण्याची तारीख, सोबत प्रमाणपत्र बंद पाकिटात. सहा ओळी झाल्या. 'कृपावंत व्हावे' मी घातलं नाही. तिने विचारलं, "विनंती तरी लिहू का?" म्हटलं, एकदा लिही, दोनदा नको.

मग ती रडली, मग मीही. मग तिने विचारलं जेवलीस का, आणि मला आठवलं की सकाळपासून चहासुद्धा झालेला नाही.

सोमवारी तिचा नवरा पाकीट नेऊन देणार आहे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला सांगितलंय.