हिरवी टिक आणि दुकानदाराचा मोबाईल

"गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर हिरवी टिक आली म्हंजे पैसे आलेच की, तुमचा मेसेज यायला वेळ लागतोय एवढंच."

तसं नाही भावा. टिक त्याच्या ॲपनं दाखवलेली असते, तुमच्या खात्यानं नाही. आधी त्याच्या बँकेतनं पैसे कटतात, मग तुमच्या बँकेत जमा होतात, आणि कधीकधी तुमच्या बँकेचं उत्तर वेळेत येत नाही, मग त्याच्याकडं कटलेले दिसतात न् तुमच्याकडं काहीच नाही. टिकचं खोटं चित्र दाखवणारे भामटे वेगळेच.

परवा राजारामपुरीत मिसळीचे 140 रुपये यूपीआयनं दिले, माझ्याकडं सक्सेस, पैसे आले की बोलणारा काउंटरवरचा बॉक्स गप्प. मालकानं स्क्रीनशॉट बघितलाच नाही, व्यवहार उघडायला लावून त्या व्यवहाराची ओळख असलेला 12 आकडी यूटीआर नंबर घेतला आणि आपल्या बँकेच्या ॲपमधी तोच नंबर शोधला. सापडला, रक्कम पण तीच! पैसे आलेले, बॉक्सचंच नेट गेलेलं. माणूस लई हुशार. तो नंबर दोन्हीकडं सारखाच असतो, म्हणून तोच जुळवायचा.

नसता सापडला तर जमा झालेच नाहीत असं धरायचं, आणि दुकानदाराला न पोचलेले असे कटलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या नियमानं व्यवहारानंतर 5 दिवसात आपोआप परत यायला पाहिजेत.