‘दोन दिवस वाढवून मिळावेत’

आज संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे काम सोपवण्याच्या ठरलेल्या दिवशीच, माझ्या एका तरुण सहकाऱ्याने क्लायंटला एका ओळीचा मेल पाठवला: ‘काही अडचणींमुळे दोन दिवस वाढवून मिळावेत.’ तो वाचून मला संताप आला, कारण हीच ओळ मी स्वतः एकदा लिहिली होती आणि तिची किंमतही मोजली होती.

एका यंत्राच्या २४० पानी माहितीपुस्तिकेचा अनुवाद रोज १२ पाने या हिशेबाने कामाच्या २० दिवसांत देण्याचे मी कबूल केले होते. दहाव्या दिवशी १२० ऐवजी ८० पाने झाली होती. प्रत्यक्ष वेग रोज ८ पानांचा होता, म्हणजे उरलेल्या १६० पानांना २० दिवस आणि तपासणीला ३ दिवस लागणार होते; हातात मात्र १० होते. तेरा दिवसांची तूट त्याच दिवशी कागदावर दिसत होती, तरीही पुढे वेग वाढेल या आशेवर मी गप्प राहिलो. विसाव्या दिवशी ८० पाने बाकी असताना मी दोन दिवस मागितले, मग तीन, मग पुन्हा चार. तिसऱ्या वेळी क्लायंट बाई शांतपणे म्हणाल्या, “लागणारे सगळे दिवस आधीच मागितले असतेत, तर मी छपाईची तारीख पुढे ढकलली असती. आता छापखाना अडकून पडला आहे.”

खोळंबा उशिरापेक्षा माझ्या गप्प बसण्याने झाला होता. दहाव्या दिवशीच मी कळवायला हवे होते की ८० पाने झाली आहेत, वेगाचा अंदाज माझा चुकला, सुरक्षितता आणि जोडणीची प्रकरणे तपासून मूळ तारखेलाच देतो, उरलेली पुस्तिका तेरा दिवसांनी देतो, आणि हे चालेल का ते परवापर्यंत लेखी कळवावे. आधी कोणती प्रकरणे हवीत, हेही त्यांनाच विचारायचे होते, कारण छपाईचा क्रम त्यांना ठाऊक होता, मला नव्हता. लवकर सांगूनही काही क्लायंट चिडतात आणि करारातला दंड लावतात, हे मान्य आहे. पण निदान त्यांना पर्यायी व्यवस्था करायला वेळ मिळतो.

हे सगळे मी त्या मुलाला जरा चढ्या आवाजातच सुनावले. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, जास्त दिवस मागितले तर काम काढून घेतील, अशी भीती वाटली.” तेव्हा माझा राग ओसरला, कारण दहाव्या दिवशी मलाही नेमकी हीच भीती वाटली होती.

मग आम्ही शेजारी बसून त्याचे उरलेले काम मोजले. दोन नव्हे, सहा दिवस निघाले, आणि त्यात तपासणीचा दिवस त्याने धरलाच नव्हता. साडेआठ वाजता त्याने सात दिवसांचे वेळापत्रक, आज देता येण्यासारखा भाग आणि आधीच्या मेलबद्दलची दिलगिरी असे नवे पत्र पाठवले. उत्तर अजून आलेले नाही.