वरची दाढ, नाकातून येणारे पाणी आणि एक फिरता संदेश

«वरची दाढ काढल्यावर पाणी पिताना नाकातून आलं, तर समजा डॉक्टरने हाड फोडलं. घाबरू नका. नाक जोरात शिंकरून आत साचलेलं रक्त काढून टाका, म्हणजे इन्फेक्शन होत नाही. रोज नाक दाबून फुंकून बघा, हवा तोंडात येत असेल तर भोक अजून आहे. सकाळी कपालभाती आणि जलनेती करा. भोक आपोआप बुजतं, टाके म्हणजे पैसे काढायचा धंदा. सगळ्यांना पाठवा.»

नागपुरातल्या अनेक कौटुंबिक गटांवर हा मजकूर फिरतो आहे आणि दाढ काढून घरी गेलेले रुग्ण तो वाचून त्याप्रमाणे वागतात, म्हणून त्यातल्या एकेका विधानाला उत्तर देणे भाग आहे. उत्तर देताना आमच्याकडे आलेल्या एका रुग्णाचा दाखला सोबत घेतो. ते पन्नाशीतले शाळाशिक्षक होते. त्यांची वरची डावी पहिली दाढ किडून मुळाशी पू झाला होता आणि तिच्या दोन्ही बाजूंचे दात बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेले होते.

दोषाच्या प्रश्नापासून सुरुवात करू. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या मागे वरच्या जबड्यात हवेने भरलेली एकेक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. या पोकळीचा तळ वरच्या दाढांच्या मुळांवर टेकलेला असतो. काहींच्या बाबतीत मूळ आणि पोकळी यांच्यामध्ये पुरेसे हाड असते, तर काहींच्या बाबतीत जेमतेम मिलिमीटरभर हाड असते किंवा केवळ सायनसचे नाजूक अस्तर असते. शेजारचे दात गेले की वर्षानुवर्षे हा तळ त्या रिकाम्या जागेत खाली उतरत जातो आणि एकट्या उरलेल्या दाढेला जणू वेढून बसतो. मुळाशी जुना संसर्ग असेल तर उरलेसुरले हाडही विरघळते. आमच्या शिक्षकांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. अशी दाढ कितीही सावकाश काढली तरी तोंड आणि सायनस यांच्यामध्ये वाट उघडू शकते. या वाटेला ओरोअँट्रल कम्युनिकेशन असे नाव आहे. अवाजवी जोर लावल्यामुळे दाढेमागचा हाडाचा भाग मोडून छिद्र पडल्याची उदाहरणेही आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु केवळ छिद्र पडले एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. मूळ सायनसच्या किती जवळ आहे याचा साध्या एक्स-रेवरून अंदाज येतो, खात्री नाही. सपाट चित्रात सायनसमध्ये शिरलेले दिसणारे मूळ प्रत्यक्षात त्याच्या शेजारून गेलेले असू शकते.

हे छिद्र ओळखण्याची खरी वेळ दाढ निघाल्याच्या पहिल्या काही मिनिटांत असते. शिक्षकांची दाढ हातात आली तेव्हा तिच्या तीन मुळांच्या बेचक्यात हाडाचा पातळ, गुळगुळीत तुकडा चिकटलेला होता, आणि तो सायनसच्या तळाचा होता. खड्ड्यातल्या रक्तात श्वासाबरोबर बुडबुडे येत होते आणि रक्त ओढून घेण्याची नळी खड्ड्याजवळ नेल्यावर तिचा आवाज पोकळ येत होता. एवढ्या खुणा पुरेशा होत्या. खड्ड्यात सळई घालून खोली चाचपणे आम्ही जाणीवपूर्वक टाळले, कारण कित्येकदा हाड गेलेले असते पण अस्तर शाबूत असते, आणि ते अस्तर अशा चाचपणीनेच फाटते. घरी गेल्यावर लक्षात येणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. चूळ भरताना किंवा चहा पिताना त्याच बाजूच्या नाकपुडीतून पातळ द्रव येतो, स्ट्रॉने ओढता येत नाही, गाल फुगवता येत नाहीत, आणि काही दिवसांनी तोंडात खारट किंवा घाण चव येऊन एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव सुरू होतो. पहिल्या दिवशी नाकातून रक्ताचा एखादा थेंब येणे ही तेवढी काळजीची गोष्ट नाही, पण ती डॉक्टरांना कळवावी.

आता नाक शिंकरण्याविषयी, कारण या संदेशातला सर्वांत घातक सल्ला तोच आहे. सायनस एका लहानशा तोंडाने नाकात उघडते. नाकपुडी दाबून जोर लावला की नाकातला दाब त्या तोंडातून सायनसमध्ये शिरतो आणि बाहेर पडायला सर्वांत कमकुवत जागा शोधतो. दाढ नुकतीच काढलेली असताना ती जागा म्हणजे दाढेचा खड्डा, आणि तिथे दाबाला अडवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे खड्ड्यात बसलेली रक्ताची गुठळी. याच गुठळीत पुढे नवे ऊतक उगवते, तोंडाकडून हिरडी आणि सायनसकडून अस्तर तिच्यावर चढते आणि वाट बंद होते. जोराने शिंकरताच ती निखळते किंवा तिच्या कडेने हवेची वाट पडते, आणि अस्तर शाबूत असेल तर तेही फाटू शकते. राहिला प्रश्न आत साचलेल्या रक्ताचा. सायनसच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस ते रक्त त्याच लहान तोंडाकडे हळूहळू ढकलत नेतात, म्हणून काही दिवस घशात किंवा नाकात तपकिरी रंगाचे अंश दिसतात. त्यांना जोर लावून बाहेर काढण्याची गरज नसते.

रोज नाक दाबून फुंकून पाहणे हा या चुकीचाच दुसरा प्रकार आहे. ही चाचणी दंतवैद्य करतात हे खरे, पण ती ते शंका असताना, प्रकाशझोतात खड्ड्याकडे पाहत आणि रुग्णाला अगदी हलके फुंकायला सांगून करतात. हाडाचा तुकडा निघालेला दिसत असेल तर ती करतच नाहीत. तिचा निकाल विश्वासार्हही नसतो. सर्दीने अस्तर सुजले असेल किंवा सायनसचे तोंड बंद असेल तर छिद्र असूनही हवा येत नाही. म्हणजे घरी फुंकून पाहणाऱ्याला मिळते ते उत्तर चुकीचे असू शकते आणि उत्तर मिळवताना भरत आलेली जागा पुन्हा उघडते.

कपालभातीमध्ये नाकावाटे झटक्याने श्वास बाहेर टाकला जातो, म्हणून ती आणि भस्त्रिका निदान २ आठवडे बंद ठेवावी. जलनेतीत मिठाचे पाणी नाकातून वाहते. ते उघड्या सायनसमध्ये आणि तिथून खड्ड्यात उतरू शकते. नियमाने योग करणाऱ्यांनी या काळात साधे मंद श्वसन करावे.

शेवटचा मुद्दा थोडा विस्ताराने घ्यावा लागेल, कारण त्यात अर्धे सत्य आहे. साधारण २ मिमीपर्यंतचे छिद्र, सायनस निरोगी असेल तर, केवळ गुठळी टिकवल्याने आपोआप बुजते, त्यासाठी शस्त्रक्रिया करणे चुकीचेच ठरेल. साधारण २ ते ६ मिमीच्या छिद्रात गुठळीला आधार लागतो, म्हणून खड्ड्यात विरघळणाऱ्या कोलॅजन किंवा जिलेटिनचा स्पंज हलक्या हाताने ठेवून वरून इंग्रजी आठच्या आकाराचा टाका घेतला जातो. त्याहून मोठे छिद्र मात्र टाक्याने भागत नाही. गालाकडची हिरडी सैल करून टाळूपर्यंत ओढून शिवावी लागते, किंवा गालातल्या चरबीची गादी पुढे आणून भोक झाकावे लागते. याला वेळेची मर्यादाही आहे. छिद्र उघडे राहिले तर काही दिवसांतच त्याच्या कडांवर कातडी चढू लागते आणि २ ते ३ आठवड्यांत कायमची नळी तयार होते; तिला फिस्टुला म्हणतात. एकदा कातडी चढली की ती नळी आपोआप मिटत नाही, ती कापून काढूनच बंद करावी लागते.

शिक्षकांचे छिद्र अंदाजे ४ मिमीचे होते. स्पंज ठेवून टाका घेतला आणि सूचना लेखी दिल्या. त्यांनी चौथ्या दिवशी हा संदेश वाचून नाक शिंकरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा डाव्या नाकपुडीतून बाहेर आला. ते आणखी आठवडाभर घरीच थांबले, कारण भोक आपोआप बुजेल असे त्यांना वाटले. ते आले तेव्हा टाका हिरडी कापून निघालेला होता, आणि खड्ड्यातून पू येत होता. अशा स्थितीत लगेच भोक शिवून टाकणे चूक असते, कारण पू आतच कोंडतो. आधी सलाइनने सायनस धुणे, प्रतिजैविके आणि नाकाचे थेंब, असे करत स्राव स्वच्छ झाल्यावरच हिरडी ओढून ते बंद केले. ते बरे झाले, पण गाल आणि हिरडी यांच्यामधली खोबण उथळ झाली, आणि आता त्या बाजूला कवळी नीट बसवताना अडचण येते. एका टाक्यावर भागणारे काम असे वाढत गेले.

ज्यांना दाढ काढताना अशी वाट उघडल्याचे सांगितले गेले आहे, त्यांनी साधारण २ आठवडे पुढील गोष्टी पाळाव्यात. हिरडी ओढून शिवली असेल तर हा काळ डॉक्टर वाढवतात. नाक वाहिले तर पुसावे, शिंकरू नये आणि जोराने वर ओढूही नये. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी; नाक दाबून शिंक अडवणे शिंकरण्याइतकेच वाईट आहे. स्ट्रॉ, फुगे, बासरी, शंख आणि पोहणे टाळावे. विमानप्रवास करायचा असेल तर आधी विचारावे. पहिले २४ तास चूळ भरू नये. त्यानंतर कोमट मिठाचे पाणी तोंडात धरून मान कलती करून ते आपोआप पडू द्यावे, खळखळ करू नये. जेवण मऊ ठेवून दुसऱ्या बाजूने चावावे. नागपुरात एक सूचना आवर्जून द्यावी लागते, ती म्हणजे खर्रा पूर्ण बंद. त्यात सुपारीचे कण खड्ड्यात जातात, तंबाखू भरणे लांबवते आणि पिचकारी मारताना तोंडातला दाब बदलतो. बिडी-सिगारेट ओढताना तर खड्ड्यावर थेट ओढ बसते. तपकीर शिंका आणते, तीही नको.

नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब सायनसचे तोंड उघडे ठेवण्यासाठी दिले जातात, पण ते ५ ते ७ दिवसांपेक्षा जास्त वापरल्यास नाक पुन्हा चोंदते. रक्तदाबाच्या रुग्णांनी सर्दीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. प्रतिजैविक प्रत्येकाला लागत नाही. संसर्ग आधीपासून असेल किंवा छिद्र मोठे असेल तर डॉक्टर ते ठरवतात, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगावी.

पाणी नाकातून येऊ लागले, एकाच बाजूने घाण वास येऊ लागला, गाल दुखून ताप आला किंवा टाका सुटला, तर दोन-चार दिवस वाट पाहू नये. ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे त्याच दिवशी जावे, आणि ते उपलब्ध नसतील तर मेडिकलच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात मुखशल्यचिकित्सा विभागात दाखवावे. जाताना दाढेचा आधीचा एक्स-रे असल्यास बरोबर न्यावा, कारण सायनसचा तळ आणि मुळे यांचा मूळ संबंध पाहून उरलेले मूळ आत सरकले आहे का हेही तपासावे लागते.