‘दोनच टक्के’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखात म्हटलं होतं: दहा दिवसांत बिल दिलं तर मिळणारी दोन टक्के सूट सोडून तिसाव्या दिवशी पूर्ण पैसे देणं म्हणजे वर्षाला ३७ टक्के व्याज भरणं. त्यावर ही प्रतिक्रिया आली.

प्रतिक्रिया: दोन टक्के सुटीला ३७ टक्के व्याज म्हणता, काहून लोकांना भेववता? वर्षाचे दोनच टक्के जातात. अन् गांधीबागेत तिसाव्या दिवशी कोण पैसे देते? आम्ही साठला देतो. आधी बाजारात उतरा, मग लिहा.

उत्तर: बाजारात उतरायचा सल्ला तुमच्याजवळच ठेवा. इतवारीतल्या दुकानांचे हिशेब बघण्यात माझी वीस वर्षं गेली. मतभेद असावा, पण ‘भेववता’ हा शब्द हिशेबाचा नाही.

एक चूक मात्र मान्य. लेखात वर्ष ३६० दिवसांचं धरलं होतं, त्याने ३६.७ टक्के येतात. ३६५ धरले की ३७.२.

आता तुमचे ‘वर्षाचे दोनच टक्के’. एक लाखाचं बिल, दहा दिवसांत दिलं तर दोन टक्के सूट, नाहीतर तिसाव्या दिवशी पूर्ण. दहाव्या दिवशी ९८,००० देऊन मोकळं होता आलं असतं. ते न देता वीस दिवस वापरले, त्याचे मोजले २,०००. पहिले दहा दिवस फुकटच होते, ते यात धरायचे नाहीत. लोक इथेच चुकतात.

असं बिल दर महिन्याला आलं तर वर्षाला २४,००० गेले. आणि त्या बदल्यात हाती काय आलं? ९८,००० रुपये, पण महिन्यातले वीसच दिवस. वर्षाची सरासरी काढली तर जेमतेम ६४,४०० रुपये. चौसष्ट हजारांवर चोवीस हजार व्याज, हे तुम्हाला दोन टक्के वाटतं? तुम्ही बिलाची टक्केवारी वर्षाची समजून बसलात, बाकी काही नाही. पंधराव्या दिवशी पूर्ण पैसे देणाऱ्याचं तर विचारूच नका. पाच दिवसांसाठी त्याचा दर १४९ टक्के पडतो.

राहिलं साठ दिवसांचं. तिथे वापर पन्नास दिवसांचा, दर १४.९ टक्के. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, अकरा टक्क्यांची असेल तर पन्नास दिवसांचं व्याज १,४७७. म्हणजे सीसीतून उचलून सूट घेतली तरी ५२३ रुपये वाचतात. बिलापासून ७७ व्या दिवसापर्यंत हेच गणित चालतं, त्यानंतर उधारी स्वस्त. सीसीची मर्यादा संपलेली असेल आणि खासगीत महिन्याला दोन टक्क्यांनी पैसे उचलायचे असतील, तर साठ दिवसांची उधारीच बरी. पण तुम्ही हे म्हटलंच नव्हतं.

माल देणारा नोंदणीकृत लघु उत्पादक असेल तर २००६ च्या कायद्याने करार असला तरी ४५ दिवसांची मर्यादा आहे, पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. साठचा हिशेब मांडण्याआधी त्याचं उद्यम प्रमाणपत्र मागून बघा.